बॅकगॅमनमधला ब्लिट्झ: बंद पॉइंट मोजा, मग सोंगटी मारा

बॅकगॅमनचे नियम कळले, दहा-वीस डाव खेळून झाले, की बहुतेकांना ब्लिट्झचा नाद लागतो. समोरच्याच्या सोंगट्या आपल्या होम बोर्डवर एकट्या सापडतात, एकामागून एक मारायच्या, बारवर बसवायच्या आणि परत येण्याची दारं बंद करायची. मारायला मजा येते. पण थोड्या वेळात समोरचा नेमकं हवं ते दान टाकून आत येतो, आपली एकटी सोंगटी मारतो, आणि डाव कुठे हातातून गेला ते कळतच नाही. दोष बहुतेक वेळा नशिबाचा नसतो. किती पॉइंट बंद आहेत हे न मोजता मारत गेलेलं असतं.

हा लेख तेवढ्यासाठीच आहे. सोंगट्या कशा चालतात, मारलेली सोंगटी बारवरून कशी आत येते आणि गॅमन म्हणजे दुप्पट हार, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. आपले पॉइंट नेहमी आपल्या बाजूने मोजू: १ ते ६ हे आपलं होम बोर्ड, १३ हा मिडपॉइंट, आणि २४ म्हणजे जिथे आपल्या मागच्या दोन सोंगट्या बसलेल्या असतात.

सोबत काय हवं

- पट, दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या आणि फासे. लेखातला डाव मांडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- डबलिंग क्यूब, म्हणजे डावाची बोली दुप्पट करायचा फासा.
- एक कागद. खालचा तक्ता त्यावर उतरवून घ्या. आठवडाभरात पाठ होईल.

१. बंद पॉइंट म्हणजे काय ते आधी पक्कं करा

आपल्या दोन किंवा जास्त सोंगट्या एका पॉइंटवर असतील तर तो पॉइंट बंद. एकच सोंगटी असेल तर तो बंद नाही, उघडा आहे. होम बोर्डवर आपल्या आठ सोंगट्या दिसल्या की बोर्ड भरल्यासारखा वाटतो, पण त्यातल्या पाच एकाच पॉइंटवर रचलेल्या असतील आणि बाकीच्या तीन सुट्या असतील, तर बंद पॉइंट एकच. सोंगट्या मोजू नका, पॉइंट मोजा.

बारवरच्या सोंगटीला आत यायला उघड्या पॉइंटचा आकडा पडावा लागतो. बारवर दोन सोंगट्या असताना ३६ दानांपैकी किती दानांत काय होतं ते असं:

| बंद पॉइंट | एकही आत नाही | फक्त एक आत | दोन्ही आत |
|---|---|---|---|
| २ | ४ | १६ | १६ |
| ३ | ९ | १८ | ९ |
| ४ | १६ | १६ | ४ |
| ५ | २५ | १० | १ |

‘एकही आत नाही’ हा रकाना लक्षात ठेवायला सोपा आहे: बंद पॉइंटचा वर्ग. तीनला ९, चारला १६, पाचला २५. तीनवरून चारवर गेलात की पूर्ण अडण्याची शक्यता २५ टक्क्यांवरून ४४ वर जाते, आणि पाचवर ६९. म्हणजे चौथा आणि पाचवा पॉइंट पहिल्या तीनपेक्षा कितीतरी मोलाचे आहेत. ब्लिट्झमधली सगळी घाई या दोन पॉइंटसाठी असते.

२. दुसरी सोंगटी मारून नेमकं काय मिळतं

इथे नव्या खेळाडूंचा हमखास गोंधळ होतो. बारवर एक सोंगटी असो वा दोन, निदान एक तरी आत येण्याची शक्यता तीच राहते. चार पॉइंट बंद असतील तर २० दानांत काहीतरी आत येणारच. मग दुसरी मारून फायदा काय?

फायदा असा, की आत आल्यावरही तो मोकळा होत नाही. बारवर एकच सोंगटी असेल तर एका फाशाने ती आत येते आणि दुसरा फासा त्याच्या हातात उरतो. त्याने तो पळतो, आपल्या होम बोर्डवर दोन सोंगट्यांनी स्वतःचा पॉइंट म्हणजे अँकर बांधतो, किंवा आपली एखादी सोंगटी मारतो. बारवर दोन असतील तर दोन्ही फासे आत येण्यातच खर्च होतात. बाहेरच्या पटावरची एकही सोंगटी तो हलवू शकत नाही. अपवाद फक्त उघड्या पॉइंटच्या जोडीचा, म्हणजे दोन्ही फाशांवर तोच आकडा: चार पॉइंट बंद असताना अशी दानं दोन, पाच बंद असताना एक.

म्हणून दोन सोंगट्या बारवर असताना आपण बाहेर सुट्या सोंगट्या बिनधास्त ठेवू शकतो. त्यांना मारायला येणार कोण?

आणखी एक गैरसमज: मारल्याने समोरचा शर्यतीत मागे पडतो. आपल्या एकच्या पॉइंटवरची सोंगटी मारली तर त्याचं फक्त एक घर वाया जातं, दोनच्या पॉइंटवर दोन. ब्लिट्झमध्ये आपण त्याची चाल हिरावून घेतो. मिळकत ती.

३. सुरू करण्याआधी तीन गोष्टी मोजा

पहिली, आपले बंद पॉइंट. दोनच असतील तर ब्लिट्झचा विचार जपून करा. तीनपासून पुढे खरी ताकद येते.

दुसरी, आपला दारूगोळा. सहाही पॉइंट बंद करायला बारा सोंगट्या लागतात, पाच बंद करायला दहा. होम बोर्डवर आणि त्याच्या जवळपास दहाएक सोंगट्या नसतील तर हल्ला मध्येच संपतो. मिडपॉइंटवरच्या सोंगट्या राखीव धरा. त्या येतात, पण एक-दोन दानं उशिरा.

तिसरी, त्याच्या होम बोर्डवरचे बंद पॉइंट. आपली एकटी सोंगटी मारली गेली तर किंमत किती, हे यावरून कळतं. त्याचा फक्त एक पॉइंट बंद असेल तर ३६ पैकी ३५ दानांत आपण लगेच आत येतो, तेव्हा धोका पत्करायला हरकत नाही. त्याचे चार पॉइंट बंद असतील तर तीच सुटी सोंगटी डाव घालवू शकते. डाव बघताना मी हा आकडा सगळ्यात आधी शोधतो, कारण पुढे किती धाडस करायचं ते यावर ठरतं.

४. एक डाव मांडून बघा

समोरच्याने ४-१ ने सुरुवात केली. त्याने मागची एक सोंगटी आपल्या एकच्या पॉइंटवरून दोनवर आणली आणि दुसरी मिडपॉइंटवरून त्याच्या नवाच्या पॉइंटवर. आपल्याला पडलं ५-५. आठवरच्या दोन सोंगट्या तीनवर, सहावरच्या दोन एकवर, आणि तिथली त्याची सोंगटी बारवर.

आता मोजा. आपले १, ३ आणि ६ बंद: तीन पॉइंट. आठवर एक सोंगटी, सहावर तीन, मिडपॉइंटवर पाच. त्याच्या होम बोर्डवर फक्त सहाचा पॉइंट बंद. त्याची एक सोंगटी बारवर, दुसरी आपल्या दोनवर एकटी. त्याला आत येता येऊ नये अशी दानं ९. समजा त्यातलंच एक, ६-३, पडलं.

फासे उचलण्याआधी क्यूबकडे बघा. पैशाने खेळताना बहुतेक ठिकाणी जेकोबी नियम असतो: क्यूब फिरलेला नसेल तर गॅमनचे दुप्पट गुण मिळत नाहीत. ब्लिट्झची निम्मी कमाई गॅमनमध्ये असते, म्हणून समोरचा अडकल्यावर लगेच, पुढचं दान टाकण्याआधी, डबल द्यायचा गंभीर विचार करा. पाच पॉइंट बंद होईपर्यंत थांबलात तर तो डबल नाकारून एका गुणावर सुटेल. मॅचमध्ये जेकोबी नियम नसतो; तिथे गुणफलक बघा. तुम्हाला जिंकायला एकच गुण हवा असेल तर गॅमन मिळून उपयोग नाही, आणि त्यासाठी जास्तीचा धोका घ्यायचं कारणही नाही.

त्याने डबल घेतला असं धरू. आपल्याला पडलं ६-४. आठवरची सोंगटी दोनवर, सहावरची एक दोनवर: तिथली त्याची एकटी सोंगटी मारली आणि त्याच चालीत पॉइंटही बंद केला. ब्लिट्झमधली सगळ्यात चांगली चाल हीच, कारण मागे सुटं काहीच राहत नाही. आता १, २, ३, ६ बंद. ४ आणि ५ उघडे. बारवर त्याच्या दोन सोंगट्या. तक्त्यातली चारची ओळ बघा: १६ दानांत काहीच नाही, १६ मध्ये एक, ४ मध्ये दोन्ही.

याच जागी पॉइंट करता न येता दोनवर फक्त एक सोंगटी टाकून मारता आलं असतं तर? त्याच्या दोन सोंगट्या बारवर गेल्याच असत्या, पण बंद पॉइंट तीनच राहिले असते. २ चा आकडा असलेल्या ११ दानांनी त्याने आत येता येता आपल्याला मारलं असतं. त्याचा बोर्ड कमकुवत आहे म्हणून तसं मारणंही इथे चालतं. पण मनातल्या मनात त्या पॉइंटला बंद म्हणू नका.

५. एक आत आली तर लगेच मारा

त्याला ५-२ पडलं. एक सोंगटी आपल्या पाचवर आली, दुसरी बारवरच. आपल्याला ५-३ पडलं.

इथे दोन मोह आहेत. एक म्हणजे मिडपॉइंटवरच्या दोन सोंगट्या दहावर आणि आठवर आणून नीट मोर्चेबांधणी करणं. तसं केलंत तर कोणत्याही ५ ने तो अँकर बांधेल. ती ११ दानं झाली. दुसरा मोह, मागून २४ वरची सोंगटी आठ घरं नेऊन त्याच्या नवावरची (आपल्या १६ वरची) एकटी सोंगटी मारणं. त्याची ही तिसरी सोंगटी बारवर बसेल खरी, पण पाचवरच्या सोंगटीला कोणी हात लावलेला नसेल.

बरोबर चाल: मिडपॉइंटवरून आठ घरं, १३ वरून ५ वर, मारून. आपली सोंगटी तिथे सुटी राहते, आणि ५ च्या ११ दानांनी ती मारली जाऊ शकते. पण तो पुन्हा दोन सोंगट्या घेऊन बारवर गेला. ९ दानांत तो न मारता चारवर येईल, १६ मध्ये जागचा हलणार नाही. आणि आपली सोंगटी मारली गेलीच तर समोर एकच बंद पॉइंट आहे. हा सौदा दरवेळी घ्यावा असा आहे. अँकर बांधू न देणं आत्ता सगळ्यात महत्त्वाचं.

तो अडकला. आपल्याला ६-२: पुन्हा १३ वरून ५ वर, पॉइंट बंद. याही वेळी २४ वरून त्याची तिसरी सोंगटी मारता आली असती. नको. पाचवा पॉइंट केल्याने त्याची अडणारी दानं १६ वरून २५ झाली आणि आपल्यावरची ११ मारं नाहीशी झाली. तिसरी सोंगटी कुठे जाते, ती तिथेच आहे.

६. शेवटचा पॉइंट: थांबायचं की सोंगटी टाकायची

आता फक्त चारचा पॉइंट उघडा. आपल्या मिडपॉइंटवर तीन सोंगट्या, मागे २४ वर दोन. इथे बरेच जण चार बंद करणाऱ्या अचूक दानाची वाट बघत बसतात आणि तेवढ्यात समोरचा आत येतो.

आधी सोंगट्या जवळ आणा, पण एकावर एक रचू नका. वेगवेगळ्या अंतरावर ठेवा. समजा ६-३ पडलं: १३ वरून ७ वर एक, १० वर एक. तो अडला. मग ५-२: १३ वरून ८, आणि २ ने २४ वरून २२. तो पुन्हा अडला. आता १०, ८ आणि ७ वर एकेक सोंगटी आहे, चारच्या पॉइंटपासून ६, ४ आणि ३ घरांवर.

एकाच दानात दोन सोंगट्या चारवर आणायला ६-४, ६-३, ४-३ किंवा ३-३ लागेल. ही दानं ७. बाकी २९ दानांत ते जमत नाही.

आपल्याला ३-२ पडलं. ७ वरची सोंगटी ४ वर एकटी टाका, आणि २ ने २४ वरची दुसरी सोंगटीही २२ वर आणा. यालाच स्लॉट करणं म्हणतात. धोका? कोणत्याही ४ ने तो मारतो: ११ दानं. पण स्लॉट केला नसता तरी त्याच ११ दानांनी तो आत आलाच असता. फरक एवढाच, की आता आत येताना तो मारतो. आणि मारलं तरी त्याची दुसरी सोंगटी ४-४ सोडून बाकी सगळ्या दानांत बारवरच राहते, आपल्याला मात्र आत यायला जवळजवळ अडचण नाही.

तो चुकला, म्हणजे २५ दानांपैकी एखादं पडलं, तर आपल्या १० आणि ८ वरच्या सोंगट्यांनी चार झाकायला ३६ पैकी २७ दानं आहेत. कोणताही ६ किंवा ४ म्हणजे २०. शिवाय ५-१ आणि ३-१ ची प्रत्येकी दोन. शिवाय १-१, २-२, ३-३. एकीकडे ७, दुसरीकडे २७, हे डोळ्यांसमोर ठेवा.

त्याच्या होम बोर्डवर चार-पाच पॉइंट बंद असते तर हाच स्लॉट मी केला नसता. तिथे मारलं जाणं म्हणजे आपण बारवर अडकून पडणं. तेव्हा थांबून नैसर्गिक दानाची वाट बघणं, किंवा त्याला आत येऊ दिल्यावर तिथे मारणं, जास्त सुरक्षित.

७. आधी दार बंद, मग वेचणी

तो अडला, आपल्याला ६-१. सहाने दोन गोष्टी होतात: १० वरून ४ वर झाकता येतं, किंवा २२ वरून १६ वरची त्याची सोंगटी मारता येते. झाका. बोर्ड पूर्ण बंद झाला की त्याच्या ३६ च्या ३६ दानांत काही होत नाही. तो फासेच उचलत नाही. त्याची नवावरची एकटी सोंगटी आता पळू शकत नाही, कारण बारवर सोंगट्या असेपर्यंत त्याला दुसरं काही हलवायचा अधिकारच नाही. आपण सावकाश मागच्या दोन सोंगट्या तिच्यावर रोखून आणू शकतो.

ती मिळाली तर उत्तमच. बारवर एक सोंगटी अडकलेली आणि बाकीच्या घरी पोचलेल्या असतील तर गॅमन क्वचित होतो. दोन अडकल्या तर प्रश्न खुला राहतो, तीन अडकल्या की गॅमन बहुतेक ठरलेलाच. या डावात तर दोनच अडकल्या तरी तो संकटात आहे. त्याच्या चार सोंगट्या अजून मिडपॉइंटवर, एक नवावर, तीन आठवर. त्या घरी आणायला ३७ घरं, बारवरच्या दोघींना आणायला प्रत्येकी १९. एकूण ७५, आणि एका दानाची सरासरी ८ हून थोडी जास्त. म्हणजे आपण दार उघडल्यानंतर त्याला निदान नऊ-दहा चाली हव्यात, तोवर आपण बऱ्याच सोंगट्या बाहेर काढलेल्या असतील.

बाहेर काढताना सहाच्या पॉइंटपासून रिकामं करत या आणि वरच्या दोन पॉइंटवर सम संख्या राखायचा प्रयत्न करा. विषम झाली की एखादी सोंगटी सुटी पडते, आणि त्याची बारवरची सोंगटी नेमकी त्याचीच वाट बघत असते.

८. ब्लिट्झ फसला हे कसं ओळखायचं

चार पॉइंट बंद असताना त्याला ५-५ पडलं असं धरा. दोन्ही सोंगट्या आपल्या पाचवर, अँकर बांधलेला. हल्ला तिथेच संपला. आता तिथे काही मारता येणार नाही. आपले १, २, ३ हे खोलातले पॉइंट बंद आहेत, पण ते त्याला अडवत नाहीत, कारण तो त्यांच्या पुढे बसला आहे.

अशा वेळी अनेक जण सवयीने उरलेल्या सोंगट्याही होम बोर्डवर ढकलत राहतात. त्याऐवजी शर्यत मोजा. या डावात त्याच्या ५-५ नंतर आपली १३७ घरं उरतात, त्याची १४५. आपण आठने पुढे आहोत. तेव्हा आता काम मागच्या दोन सोंगट्या सोडवून सुखरूप घरी आणायचं. मिडपॉइंट त्यांच्यासाठी उतरायची जागा म्हणून टिकवून ठेवा.

दुसरी खूण दारूगोळ्याची. त्याची एक सोंगटी होम बोर्डवर एकटी उभी आहे, पण तिच्यावर रोखलेली आपली एकच सोंगटी उरली आहे आणि बाकीच्या दोन दानांच्या अंतरावर आहेत. मारायला गेलात तर त्यासाठी बांधलेला पॉइंट मोडावा लागेल. बंद पॉइंटचा आकडा चारवरून तीनवर येत असेल तर त्या चालीने बहुधा मिळकतीपेक्षा नुकसान जास्त होतं. तेव्हा न मारता सोंगट्या जवळ आणा आणि पुढच्या दानाला बघा.